ओहोटीच्या फोटोत जेलीफिश कुठला, ॲनिमोन कुठला, कोरल कुठलं आणि स्पंज कुठला

प्रश्न: हाजी अलीजवळच्या खडकांवर ओहोटीला काढलेला फोटो टाकतेय. मध्ये डबकं आहे, काठाला तपकिरी बटणांचा थर आहे, बाजूला वाळू चिकटलेले हिरवट गोळे, कपारीत केशरी पापुद्रा, त्याच्या शेजारी एक करडा सपाट पॅच आणि वर एक पारदर्शक गोळा पडलाय. घरातले कोणी जेलीफिश म्हणतात, कोणी कोरल, मला सगळे स्पंज वाटतात. यात कोण काय आहे आणि पुढच्या वेळी माझं मला कसं ओळखता येईल?

उत्तर:

आधी सरळ सांगून टाकतो. वरचा पारदर्शक गोळा जेलीफिश, वाळू चिकटलेले हिरवट गोळे ॲनिमोन, कपारीतला केशरी पापुद्रा स्पंज, आणि करडा पॅच जवळपास नक्की कोरल. तपकिरी बटणं मात्र या चारांपैकी कोणीच नाहीत. ती झोअँथिड आहेत, ॲनिमोन आणि कोरलची सख्खी चुलत भावंडं म्हणा, आणि मुंबईच्या खडकांवरच्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त घोळ हीच घालतात, म्हणून खाली त्यांच्यावर जरा जास्त लिहिलंय.

घोळ होण्याचं मुख्य कारण असं की पुस्तकात आणि व्हिडिओत हे सगळे प्राणी पाण्याखाली, पूर्ण उघडलेले दाखवतात. ॲनिमोन म्हणजे डुलणारं फूल, कोरल म्हणजे फांद्या, जेलीफिश म्हणजे तरंगणारी छत्री. ओहोटीला आपण जातो तेव्हा पाणी उतरलेलं असतं, आणि जे खडकाला धरून राहतात ते सगळे पाणी आत कोंडून, मिटून बसलेले असतात. मिटलेला ॲनिमोन, मिटलेलं झोअँथिड आणि किनाऱ्यावर मेलेला जेलीफिश, तिघंही चकचकीत ओल्या गोळ्यासारखेच दिसतात. त्यामुळे "जेलीसारखं दिसतंय" ही ओळखीची खूण धरूच नका, तिने काहीच ठरत नाही. रंगही बाजूला ठेवा, केशरी स्पंज असतो, केशरी ॲनिमोन असतो, केशरी कोरलही असतं.

फोटोत मी सगळ्यात आधी बघतो ते हे की वस्तू खडकाला धरून आहे की नुसती येऊन पडलीय. जेलीफिश मोठा झाल्यावर पाण्यातच राहतो, त्याला खडकाला धरायला काही नसतंच, तो किनाऱ्यावर दिसतो तो लाटेने आणून टाकलेला. त्यामुळे तो कुठेही, कसाही पडलेला असतो, अर्धा शेवाळावर, अर्धा वाळूत, बऱ्याचदा उलटा, आणि त्याच्या कडेचा आणि खालच्या खडकाचा काही संबंध दिसत नाही. तुमच्या फोटोतल्या गोळ्याची उजवी कड कालवांच्या शिंपल्यांवर टेकलीय आणि खाली सावली पडलीय बघा, म्हणजे मध्ये फट आहे. धरून राहणारा प्राणी असता तर कड खडकाच्या खाचाखोचांत बसलेली दिसली असती. दुसरं म्हणजे त्याच्यातून खालचे शिंपले चक्क दिसतायत. जेलीफिशच्या अंगात बहुतेक सगळं पाणीच असतं म्हणून असं आरपार दिसतं, ॲनिमोन कितीही फिकट असला तरी मिटल्यावर असा आरपार दिसत नाही. आणि तिसरं, फोटो मोठा करून बघितलात तर मधोमध चार फिकट कमानी दिसतील. ते त्याचे प्रजनन अवयव. जेलीफिशचं शरीर चारच्या हिशोबात बांधलेलं असतं, चार कमानी किंवा तोंडाभोवती चार नाहीतर आठ जाड हात, आणि टेंटॅकल म्हणजे लोंबणारे डंखाचे धागे तुटून गेले, कडा झिजल्या तरी हा चारचा हिशोब बऱ्याचदा शाबूत राहतो. मेलेल्या जेलीफिशमध्ये टेंटॅकल शोधत बसू नका, लाटांच्या मारात ते सगळ्यात आधी जातात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, पावसाळ्यात जुहू, गिरगाव किंवा गोव्याच्या किनाऱ्यांवर जे निळे फुगे येतात, ज्यांना लोक ब्लू बॉटल म्हणतात, ते खरे जेलीफिश नाहीत. फिजॅलिया म्हणजे अनेक छोट्या जिवांची मिळून झालेली वसाहत असते, वर हवा भरलेला फुगा आणि खाली लांब निळे धागे. त्याच दिवसांत रुपयाच्या नाण्याएवढी निळ्या झालरीची चपटी चकती येते ती पॉर्पिटा, तीही खरा जेलीफिश नाही. फोटोत दोन्ही ओळखायला सोपी आहेत कारण तो गडद निळा रंग आणि फुगा किंवा चकती हे या चार गटांत दुसऱ्या कोणात दिसत नाही. पण फोटो काढताना बोट लावू नका, फिजॅलियाचे धागे वाळूवर सुटे पडलेले असले आणि प्राणी मेलेला असला तरी डंख मारतात.

पडलेला कोण ते कळलं, आता धरून बसलेल्यांकडे वळू. इथे दुसरा प्रश्न विचारायचा, याला मधोमध एक केंद्र आहे का? ॲनिमोन, कोरल, झोअँथिड या सगळ्यांचं मूळ घर एकच असतं, पॉलिप. पॉलिप म्हणजे खाली चिकटलेली नळी, वर गोल चकती, चकतीच्या मधोमध एकच तोंड आणि कडेला टेंटॅकल. खायचं त्याच तोंडाने आणि चोथा टाकायचा तोही त्याच तोंडाने. त्यामुळे मिटलेला असो की उघडा, पॉलिपला एक मध्य असतोच आणि सगळ्या रेषा, सुरकुत्या त्या मध्याकडे जातात. स्पंजला तोंड नाही, पोट नाही, टेंटॅकल नाहीत. त्याच्या अंगभर बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी आत ओढायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि उरलेलं पाणी थोड्या मोठ्या भोकांतून बाहेर सोडायचं, बस. ही मोठी भोकं म्हणजे ऑस्क्युलम. बारीक छिद्रं मोबाईलच्या फोटोत दिसत नाहीत, पण ऑस्क्युलम बहुतेक वेळा दिसतात, आणि ती इकडे एक तिकडे दोन अशी विखुरलेली असतात, लहानमोठी असतात, काही छोट्या उंचवट्यांच्या टोकावर असतात. पूर्ण पापुद्र्याला असा एक मध्य काढता येत नाही. कड पण कशीही पसरलेली, खडकाचा आकार धरून.

तुमच्या वाळूच्या गोळ्यांवर हे लावून बघू. साधारण दोन बोटं रुंद, बाहेरून शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू लावलेले, आणि वर मधोमध एक सुरकुतलेला खड्डा, सगळ्या सुरकुत्या त्याच्याकडे गेलेल्या. हा मध्य आहे, म्हणजे पॉलिप. प्रत्येक गोळा सुटा आहे, शेजाऱ्याला चिकटून बसलाय पण जोडलेला नाही, दोघांच्या मधली रेघ खडकापर्यंत जाते. म्हणजे ॲनिमोन. आणि वाळू अपघाताने लागलेली नाही हं, या प्रकारच्या ॲनिमोनच्या अंगावर उभ्या ओळींत चिकट पुटकुळ्या असतात, त्यांनी तो कण धरून ठेवतो, त्यामुळे उन्हात तापणं आणि सुकणं कमी होतं. अँथोप्लुरा गटातले ॲनिमोन असं करतात. नीट बघितलंत तर कण उभ्या रांगांत लागलेले दिसतील, नुसत्या वाळूत लोळलेल्या गोळ्यावर अशा रांगा नसतात. डबक्याच्या आत त्याचाच एक भाऊबंद उघडा बसलाय, खालच्या डाव्या कोपऱ्यात, टेंटॅकलच्या दोनतीन रांगा आणि मध्ये चिरेसारखं तोंड. एकाच फोटोत मिटलेला आणि उघडा दोन्ही मिळणं हे फार कामाचं असतं, मिटलेल्याची खात्री उघड्यावरून करता येते. म्हणून कोरड्या खडकावर काही गोळे दिसले की जवळच्या डबक्यात तेच पाण्याखाली आहेत का हे शोधायची सवय लावा.

अजून एक, कपारीच्या छताला लटकणारे ॲनिमोन. ओहोटीला ते पाण्याच्या वजनाने खाली ओघळतात, लांबट थेंब होतो, टोकाला थोडे टेंटॅकल बाहेर. यांना हमखास लोक जेलीफिश म्हणतात. लटकतोय म्हणजेच वर कुठेतरी धरलंय, आणि जेलीफिश धरत नाही, एवढ्यावर निकाल लागतो.

आता तपकिरी बटणं. त्यांचं असं होतं की एकेक बटण बघितलं तर मध्य आहे, पॉलिप आहे, ॲनिमोन वाटतो. पूर्ण थर बघितला तर खडकभर पसरलेला, जोडलेला, म्हणून कोरल वाटतं. आणि लांबून बघितलं तर भोकंभोकं असलेला पापुद्रा, म्हणून तुम्हाला स्पंज वाटला. तिन्ही वाटणं साहजिक आहे कारण झोअँथिड तिन्हीसारखं थोडं थोडं दिसतं. ओळखायचं असं. बटणं साधारण सारख्याच आकाराची असतात, अर्ध्या ते एक सेंटीमीटरची, दाटीवाटीने बसलेली, आणि मिटल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावर आखडलेली बेंबी दिसते. स्पंजची भोकं इतकी एका मापाची आणि इतकी दाट नसतात, आणि स्पंजच्या भोकाला बेंबीसारख्या चुण्या नसतात, ते सरळ भोक असतं, आत अंधार. मग दोन बटणांच्या मध्ये बघायचं. ॲनिमोन असते तर खडक दिसला असता, इथे मध्येही तोच तपकिरी मांसल थर आहे, म्हणजे सगळी बटणं बुडाशी एकमेकांना जोडलेली आहेत. आणि डबक्यात बुडालेली बटणं उघडलीयत ना, त्यांच्या चकतीच्या कडेला टेंटॅकल आखूड आहेत आणि फक्त कडेलाच आहेत, दोन रांगांत, एक आत एक बाहेर. चकतीचा मधला भाग मोकळा. ॲनिमोनमध्ये टेंटॅकल बहुतेक आतपर्यंत रांगा धरून येतात. ही दोन रांगांची कड दिसली की मी नाव सांगून मोकळा होतो.

तुमच्या फोटोतली बटणं खरखरीत आणि मळकट दिसतायत, म्हणून मी झोअँथिडमधल्या पॅलिथोआ गटाकडे झुकतो. हा गट आपल्या अंगातच वाळू मुरवून घेतो, वरून लावत नाही, त्यामुळे वाळूच्या रांगा दिसत नाहीत, पूर्ण बटणच दाणेदार दिसतं. दुसरा नेहमी सापडणारा गट झोअँथस, तो गुळगुळीत असतो आणि उघडल्यावर चकती हिरवी वगैरे झगझगीत असते. मुंबईला आणि गोव्यात अंजुणाच्या खडकांवर दोन्ही मिळतात, काही ठिकाणी चादर अंथरल्यासारखे. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. बघण्याने काही होत नाही, पण त्यावर पाय देऊन उभं राहू नका, नखाने खरवडू नका, आणि बोटाला जखम असेल तर हात अजिबात लावू नका. चुकून हात लागलाच तर डोळे चोळायच्या आधी धुवा.

करडा पॅच हा या फोटोतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो तुम्ही बहुतेक चुकून टिपलाय. मुंबईत कोरल असतं हे बऱ्याच जणांना कोस्टल रोडच्या वेळी पहिल्यांदा कळलं, जेव्हा 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या काही वसाहती काढून दुसरीकडे बसवल्या. लोकांच्या डोक्यात कोरल म्हणजे लक्षद्वीप. इथे गढूळ पाणी, गाळ, सांडपाणी, तरी काही चिवट जाती तग धरून आहेत, पण त्या फांद्यांच्या नाहीत, खडकाला चिकटून पसरणाऱ्या किंवा छोट्या वाट्यांच्या. म्हणून त्या फोटोत डाग म्हणून निघून जातात.

कोरल ओळखायची खूण म्हणजे कठीण पाती. कोरलचा पॉलिप खाली चुनखडीची वाटी बांधतो आणि वाटीच्या भिंतीपासून मध्याकडे उभी पातळ पाती येतात, त्यांना सेप्टा म्हणतात. आडवं कापलेलं लिंबू आठवा, फोडींच्या भिंती मध्याकडे जातात तशा. ओहोटीला पॉलिप आत आखडतो तेव्हा मांस इतकं पातळ होतं की ही पाती वरून उठून दिसतात. तुमच्या करड्या पॅचवर झूम करा, तीन ते सहा मिलिमीटरचे कोनाकोनाचे खळगे एकमेकांना लागून दिसतील आणि प्रत्येकात मध्याकडे जाणाऱ्या पांढुरक्या रेघा. करडा रंग आणि पात्यांच्या कडा पांढऱ्या, हे बघून मला स्यूडोसिडेरॅस्ट्रिया वाटतंय, ते या किनाऱ्याला माहीत असलेलं कोरल आहे आणि मालवणलाही मिळतं. पण गटापुढे जातीपर्यंत मी फोटोवरून जाणार नाही, त्यासाठी पाती मोजावी लागतात आणि तेवढा बारकावा या फोटोत नाही.

इथेच एक फसवी जागा आहे. पातळ स्पंजवर पण चांदणीसारख्या रेषा दिसतात. तुमच्या केशरी पापुद्र्यावर वरच्या बाजूला अशी एक चांदणी आहे आणि कदाचित तीच बघून घरात कोणीतरी कोरल म्हटलं असेल. त्या रेषा म्हणजे स्पंजच्या कातडीखालून ऑस्क्युलमकडे पाणी नेणारे पाट. दोन्हीतला फरक असा की स्पंजचे पाट लांबून येताना एकमेकांना मिळत जातात, ओढे नदीला मिळतात तसे फाटे फुटलेले असतात, वाकडेतिकडे, आणि मध्याशी उघडं भोक असतं. कोरलची पाती सरळ असतात, त्यांच्यात सारखं अंतर असतं, आणि दर चांदणीला स्वतःचं कुंपण असतं, ती शेजारच्या चांदणीत घुसत नाही. तुमच्या केशरीवर रेषांना फाटे आहेत, एका चांदणीच्या रेषा दुसरीच्या हद्दीत गेल्यात, आणि चांदण्यांमधलं अंतर कधी एक सेंटीमीटर कधी तीन. म्हणून स्पंज. शिवाय डाव्या कडेला एक तुकडा तुटलाय, तिथे आत बघा, बाहेर जसा केशरी तसाच आतही, आणि जाळीदार. कोरल तुटलं की पातळ रंगीत थराखाली लगेच पांढरी दगडी चुनखडी दिसते. असं आपोआप तुटलेलं टोक फोटोत मिळालं तर सोनं समजा, पण ते बघायला म्हणून तोडू नका. कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि किनाऱ्यावर मेलेला तुकडा मिळाला तरी तो घरी आणणं बेकायदा आहे.

स्पंज म्हणताना अजून एकाची शंका घ्यायची, कॉलोनियल असिडियनची. तोही खडकावर रंगीत पापुद्रा करतो, त्यालाही भोकं असतात. तो प्राणी मात्र स्पंजपेक्षा आपल्या जवळचा आहे, माशांच्या बाजूचा. फोटोत तो गुळगुळीत आणि तकतकीत दिसतो, भोकं बारीक आणि बऱ्यापैकी नेमाने मांडलेली असतात, काही जातींत तर फुलासारख्या गोल मांडणीत. जागेवर असताना शंका आली तर एक सोपा उपाय आहे, पाण्याखालच्या पापुद्र्याचा फोटो घ्या, मग हाताने पाणी जरा ढवळा आणि लगेच दुसरा घ्या. असिडियन पटकन भोकं मिटतो, स्पंजला मज्जातंतूच नाहीत, तो मिटलाच तरी इतक्या हळू की दोन फोटोंत फरक दिसत नाही. तुमच्याकडे एकच फोटो आहे, पण पृष्ठभाग खडबडीत आहे आणि फाटे फुटलेले पाट स्पष्ट आहेत, त्यामुळे मी स्पंजवर ठाम आहे. कुठला स्पंज ते विचारू नका, स्पंजची जात ठरते ती अंगातल्या सूक्ष्म काट्यांवरून, त्यासाठी तुकडा विरघळवून मायक्रोस्कोपखाली घालावा लागतो. फोटोवरून "केशरी पातळ स्पंज" एवढंच लिहिणं प्रामाणिक.

कोरलच्या बाबतीत उलटी चूकही होते, कोरल नसलेलं कोरल म्हटलं जातं. दोन गोष्टी सतत येतात. एक बार्नॅकल, पांढरे करकरीत छोटे डोंगर, एकमेकांना लागून, कठीण, म्हणून कोरल वाटतात. त्यांच्या तोंडात मध्याकडे जाणारी पाती नसतात, दोन झडपांसारखी झाकणं असतात आणि मध्ये एक चीर. दुसरी म्हणजे वाळूच्या नळ्यांचे ठोकळे, भोकंभोकं असलेले, पाय दिला तर कुस्करतात. ते सॅबेलारिया किड्यांनी वाळूचे कण चिकटवून बांधलेले असतात. भोकं मापात असतात, पण आत रिकामी गोल नळी, पाती नाहीत, आणि भिंतीत वाळूचा कण न् कण वेगळा दिसतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे फोटो कमी पडतो ते आधीच माहीत असू द्या. छोटी वाटीची कोरल, एकटी पॉलिपवाली, पाण्याखाली पूर्ण उघडली की अगदी ॲनिमोन दिसतात, मांस फुगून वाटी पूर्ण झाकून टाकतं. अशा वेळी टेंटॅकल बघा, या कोरलचे बऱ्याचदा काचेसारखे आरपार असतात आणि त्यांवर बारीक पांढरट ठिपके असतात, टोकाला गाठ. तरी शंका राहिली तर दुसऱ्या ओहोटीला त्याच जागी परत जायचं आणि मिटलेलं असताना फोटो घ्यायचा. पाती दिसली तर कोरल, नुसती सुरकुतलेली बेंबी दिसली तर ॲनिमोन. हात लावून कडक आहे का बघायची गरज पडत नाही.

पुढच्या वेळी फोटो कसे घ्यायचे ते सांगतो. मुंबईला अमावस्या पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते, म्हणजे सगळ्यात मोठी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-साडेसहाच्या आगेमागे. दोन्ही वेळेला उजेड तिरपा आणि मऊ असतो, तो पाती आणि खळगे दाखवायला उत्तम, फ्लॅश मारलात तर ओल्या अंगावर पांढरा डाग येतो आणि नेमका मध्यच जातो. डबक्यावर आकाश चमकत असेल तर छत्री उघडून सावली करा. प्रत्येक गोष्टीचे तीन फोटो घ्या, एक लांबून, म्हणजे खडकावर ती कुठे आहे, वर उन्हात की कपारीत, हे कळेल, एक बरोबर वरून, आणि एक बाजूने खडकाच्या पातळीवरून, कारण बुडाशी जोडलंय की सुटं आहे, कड उचललीय की बसलीय, हे बाजूनेच दिसतं. मोबाईलचा डिजिटल झूम वापरू नका, स्वतः जवळ जा. शेजारी पेन किंवा नाणं ठेवा, प्राण्यावर नको, आणि येताना उचलून आणा. तुमच्या फोटोत नशिबाने कालवाचे शिंपले होते म्हणून मला माप काढता आलं.

तुमच्या करड्या पॅचचा असा वरून आणि बाजूने एकेक फोटो मिळाला तर जरूर टाका, पात्यांच्या रेघा स्वच्छ आल्या तर "जवळपास नक्की" मधलं जवळपास काढून टाकता येईल. त्याची जागा लक्षात ठेवा, पण फोटोसोबत नेमकं लोकेशन सगळ्यांना दिसेल असं टाकू नका, जिवंत कोरल उपटून अॅक्वेरियमसाठी विकणारे लोक आहेत. खडकावरून चालताना त्या बाजूला पाय पडू देऊ नका, वरून तो नुसता करडा डागच दिसतो आणि पसरायला त्याला वर्षानुवर्षं लागतात.